इंग्रजीतील लांब वाक्य मराठीत कसे आणावे: पदक्रमाच्या अंगाने अनुवादाची पद्धत

मराठीत आधी कर्ता, मग कर्म आणि शेवटी क्रियापद येते, तर इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या मागोमाग येते आणि कर्म त्यानंतर, एवढे बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असते. लहान वाक्यांचा अनुवाद एवढ्या ज्ञानावर निभावतो. अहवाल, बातमी, करारपत्र किंवा कायद्याचे कलम समोर आले की मात्र क्रियापद शेवटी नेऊन ठेवलेले वाक्य व्याकरणाला धरून असूनही वाचकाला दोनदा वाचावे लागते. असे का होते, आणि अशा वाक्याची मराठीत फेरमांडणी कोणत्या क्रमाने करावी, हे या लेखात एका वाक्याच्या आधारे दाखवले आहे. मराठीतून इंग्रजीत जाताना काय बदलते, ते शेवटी थोडक्यात येईल.

क्रियापदाबरोबर आणखी काय उलटते

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ३० भाषांची तुलना केली होती. त्या भाषांत मराठी नव्हती, पण तिच्या शेजारच्या हिंदी आणि कन्नड होत्या. क्रियापदाची जागा आणि वाक्यातील इतर घटकांचा क्रम यांचा एकमेकांशी संबंध असतो, हे त्या निबंधाने पद्धतशीरपणे मांडले. ज्या भाषांत क्रियापद शेवटी येते, त्यांत 'वर', 'समोर', 'साठी' यांसारखे शब्द बहुधा नामाच्या नंतर येतात, आणि तुलना करताना ज्याच्याशी तुलना करायची तो शब्द विशेषणाच्या आधी येतो. आपण 'रमेशपेक्षा उंच' म्हणतो, तर इंग्रजी 'टॉलर दॅन रमेश' म्हणते. आपण 'टेबलावर' म्हणतो, इंग्रजी 'ऑन द टेबल'. आपले 'जाऊ शकतो' इंग्रजीत 'कॅन गो' होते. विशेषण मात्र दोन्ही भाषांत नामाच्या आधीच येते, म्हणजे ही उलटापालट सर्वत्र सारखी नसते.

अनुवादकाच्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट अशी की इंग्रजी आधी मुख्य शब्द सांगते आणि त्याचा तपशील मागून जोडत जाते, तर मराठी तपशील आधी मांडते आणि मुख्य शब्दावर येऊन थांबते. 'द रिपोर्ट ऑफ द कमिटी अपॉइंटेड बाय द गव्हर्नमेंट' हा शब्दसमूह घ्या. त्यात अहवाल, समिती, नेमणूक आणि सरकार असा क्रम आहे. मराठीत 'सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल' म्हणताना हाच क्रम शेवटाकडून सुरुवातीकडे येतो, आणि एकही कडी यातून सुटत नाही. तपशील दोन-तीन शब्दांचा असेपर्यंत याचा त्रास होत नाही. तो पंधरा शब्दांचा झाला की मराठी वाचकाला ते पंधराही शब्द कशाविषयी आहेत हे कळण्याआधीच लक्षात ठेवावे लागतात. कर्ता वाक्याच्या आरंभी आणि क्रियापद अखेरीस असले, तर सगळा तपशील या दोघांच्या मध्ये कोंबला जातो. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद सहसा जवळ असतात, म्हणून तिथे वाक्य पुढे कितीही लांबले तरी वाचकाच्या हातातला धागा सुटत नाही.

वाक्य तोडता येत नाही तेव्हा: उद्देशिकेचे उदाहरण

भारतीय संविधानाची उद्देशिका या फरकाचा उत्तम नमुना आहे, कारण तिथे एका वाक्याची दोन वाक्ये करण्याची मोकळीक अनुवादकाला नव्हती. इंग्रजी पाठात 'वी, द पीपल ऑफ इंडिया' यानंतर लगेच 'हॅविंग सॉलेमली रिझॉल्व्ड' येते, म्हणजे निर्धार आधी सांगितला जातो आणि तो कशाचा, याची यादी मागाहून येते. मराठी पाठात 'आम्ही, भारताचे लोक' यानंतर आधी गणराज्य घडविण्याचा, मग नागरिकांसाठी न्याय, स्वातंत्र्य आणि समानता निश्चित करण्याचा, मग बंधुता प्रवर्धित करण्याचा उल्लेख येतो, आणि हे सारे सांगून झाल्यावर 'संकल्पपूर्वक निर्धार करून' हे शब्द येतात. यादीच्या प्रत्येक ओळीतही हेच घडले आहे. इंग्रजीत न्याय हा शब्द ओळीच्या आरंभी आहे आणि सामाजिक, आर्थिक, राजनैतिक हे विशेष त्याच्यामागून येतात. मराठीत विशेष आधी येतात आणि 'न्याय' हा शब्द ओळीच्या अखेरीस येतो.

शेवटच्या भागात तर अधिक शिकण्यासारखे आहे. इंग्रजीत 'अडॉप्ट, एनॅक्ट अँड गिव्ह' अशी समान दर्जाची तीन क्रियापदे आहेत आणि वाक्याचा शेवट 'कॉन्स्टिट्यूशन' या शब्दाने होतो. मराठीत संविधान आधी येते, पहिल्या दोन क्रिया 'अंगीकृत आणि अधिनियमित करून' अशा धातुसाधितात जातात, आणि 'अर्पण करीत आहोत' हे एकच पूर्ण क्रियापद उरते. मराठी वाक्याला शेवटी एक आधार पुरतो, आणि आधीच्या क्रिया 'करून', 'घेऊन', 'जाऊन' या रूपांनी त्याच्याकडे वाहत येतात. ज्याला वाक्य तोडायचे नाही, त्याच्या हातातले हे सर्वांत भरवशाचे साधन आहे. समांतर क्रियापदांच्या लांब इंग्रजी माळेला 'आणि' लावत जाण्यापूर्वी या रूपाचा विचार अवश्य करावा. मात्र दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असला पाहिजे, ही अट विसरू नये.

कामासाठी घेतलेले वाक्य

पुढील पायऱ्यांसाठी बातमीत शोभेल असे एक वाक्य मी रचले आहे: 'द कमिटी विच द स्टेट गव्हर्नमेंट हॅड अपॉइंटेड टू स्टडी द इफेक्ट ऑफ ड्रॉट ऑन कॉटन ग्रोअर्स टोल्ड जर्नलिस्ट्स ऑन ट्यूजडे दॅट इट वुड नॉट सबमिट इट्स रिपोर्ट अनटिल इट हॅड व्हिजिटेड ऑल द अफेक्टेड तालुकाज, सम ऑफ विच आर स्टिल विदाउट रोड्स.'

घाईत केलेला अनुवाद बहुधा असा येतो: 'समितीने, जिला राज्य सरकारने दुष्काळाच्या कापूस उत्पादकांवरील परिणामाचा अभ्यास करण्यासाठी नेमले होते, मंगळवारी पत्रकारांना सांगितले की ती आपला अहवाल सादर करणार नाही जोपर्यंत ती सर्व बाधित तालुक्यांना भेट देत नाही, ज्यांपैकी काही अजूनही रस्त्यांविना आहेत.' यात शब्द मराठी आहेत, पण तपशील मागून जोडण्याची चाल इंग्रजीची आहे. दुसऱ्या टोकाला नियमाने उलटवलेला अनुवाद येतो: 'दुष्काळाच्या कापूस उत्पादकांवरील परिणामाचा अभ्यास करण्यासाठी राज्य सरकारने नेमलेल्या समितीने मंगळवारी पत्रकारांना, ज्यांपैकी काही अजूनही रस्त्यांविना आहेत अशा सर्व बाधित तालुक्यांना भेट दिल्याशिवाय ती आपला अहवाल सादर करणार नाही, असे सांगितले.' हे वाक्य व्याकरणाने मराठी आहे, तरी वाचवत नाही. पत्रकारांना काय, हे कळायला सोळा-सतरा शब्द थांबावे लागते, आणि 'ज्यांपैकी काही' वाचताना क्षणभर पत्रकारच रस्त्यांविना असल्यासारखे वाटते.

पहिली पायरी: क्रियापदे शोधून त्यांचे कर्ते लिहावे

अनुवादाला हात घालण्यापूर्वी इंग्रजी वाक्य शेवटपर्यंत वाचून त्यातली सगळी क्रियापदे बाजूला काढावीत आणि प्रत्येकासमोर त्याचा कर्ता लिहावा. आपल्या वाक्यात सरकारने नेमले, समितीने अभ्यास करायचा आहे, समितीने सांगितले, समिती सादर करणार नाही, समितीने भेट द्यायची आहे आणि तालुके रस्त्यांविना आहेत, अशा सहा गोष्टी आहेत. त्यांपैकी मुख्य क्रियापद 'सांगितले' हे एकच आहे. तेच मराठी वाक्याच्या अखेरीस जाण्याचा दावेदार असल्याने ते आधी ठरले पाहिजे. शब्द एकेक करून पुढे लिहीत जाणाऱ्या अनुवादकाला हे शेवटी कळते, आणि तोवर मराठी वाक्याची सुरुवात चुकलेली असते.

दुसरी पायरी: नामाला जोडलेल्या वाक्यांची रूपे निवडावी

'विच', 'हू', 'दॅट' यांनी जोडलेल्या वाक्यासाठी मराठीत एकाहून अधिक रूपे आहेत, आणि अनुवादाचा बराचसा दर्जा या निवडीवर ठरतो. पहिले रूप धातुसाधिताचे: 'सरकारने नेमलेली समिती', 'अर्ज न केलेले शेतकरी'. ते आटोपशीर आहे, पण त्यात काळ नीट दिसत नाही. 'नेमलेली' म्हटल्यावर समिती नेमली आहे की नेमली होती, हे कळत नाही, आणि 'मुंबईला जाणारी गाडी' रोज जाणारी असू शकते किंवा उद्या जाणारीही. दुसरे रूप 'जो-तो' जोडीचे: 'ज्या शेतकऱ्यांनी मुदतीत अर्ज केला नाही, त्यांना भरपाई मिळणार नाही.' यात काळ, नकार आणि कर्ता स्पष्ट राहतात, म्हणून अटी आणि नियम लिहिताना हेच योग्य. तिसरे रूप बोलण्यात सर्रास येते आणि लेखनात अकारण टाळले जाते: 'आपण काल गेलो होतो ती शाळा', 'तुम्ही म्हणता तो मुद्दा'. यात 'जो' गळतो, काळ टिकतो आणि वाक्य हलके राहते. अनुवादकांनी हे रूप अधिक मोकळेपणाने वापरावे, असे मला मनापासून वाटते.

वाक्याच्या शेवटी 'ज्यात', 'ज्यामुळे', 'ज्यांपैकी' लावून शेपूट जोडण्याची रीत आता वर्तमानपत्रांतही रुळली आहे. ती टाळावी, कारण वाचक क्रियापदापाशी वाक्य संपल्याचे मानतो आणि शेपूट वाचण्यासाठी त्याला मागे वळून नाम शोधावे लागते. अशा शेपटाचे बहुधा स्वतंत्र वाक्यच करता येते.

मात्र तोडण्यापूर्वी एक गोष्ट तपासलीच पाहिजे. जोडलेले वाक्य नामाची व्याप्ती ठरवत असेल, तर ते वेगळे काढता येत नाही. 'मुदतीत अर्ज न केलेल्या शेतकऱ्यांना भरपाई मिळणार नाही' याऐवजी 'शेतकऱ्यांनी मुदतीत अर्ज केला नाही. त्यांना भरपाई मिळणार नाही' असे लिहिले, तर सगळ्याच शेतकऱ्यांची भरपाई गेली. इंग्रजीत 'विच' किंवा 'हू'च्या आधी स्वल्पविराम असेल, तर ते वाक्य बहुधा अधिकची माहिती देत असते आणि वेगळे काढता येते. स्वल्पविराम नसेल, तर आधी अर्थाची चाचणी घ्यावी.

आपल्या वाक्यात रस्त्यांचा उल्लेख स्वल्पविरामानंतर आहे, म्हणून तो वेगळा काढता येईल. समितीच्या नेमणुकीचा भाग मात्र ती कोणती समिती, हे सांगतो. वाचकाला समिती आधीपासून माहीत असेल, तर तो धातुसाधितात ठेवावा. वाचकाला ती प्रथमच भेटत असेल, तर ओळख करून देणारे वाक्य आधी लिहून पुढे 'या समितीने' म्हणता येते. व्याप्ती त्या 'या'मुळे टिकून राहते.

तिसरी पायरी: 'की' आणि 'असे' यांतून निवड

'टोल्ड जर्नलिस्ट्स दॅट' यासारख्या रचनेसाठी मराठीत दोन मार्ग आहेत. 'समितीने सांगितले की...' या मार्गाने इंग्रजीचा क्रम टिकतो, कारण सांगितलेली गोष्ट क्रियापदानंतर येते. '...असे समितीने सांगितले' या मार्गाने क्रियापद शेवटी राहते. दुसरा मार्ग अधिक मराठी म्हणून प्रत्येक ठिकाणी तोच वापरावा, असे नाही. सांगितलेली गोष्ट एका लहान वाक्यात मावत असेल, तर 'असे' शोभते. ती दोन-तीन वाक्यांची असेल, तर कोण बोलत आहे हे आधी कळावे म्हणून 'की' बरे. 'की'नंतर पुन्हा लांब धातुसाधिते येऊ लागली, तर मजकुराची दोन वाक्ये करावीत.

'असे' वापरताना वक्ता कुठे ठेवायचा, याकडे लक्ष द्यावे. 'समितीने, सर्व तालुक्यांना भेट दिल्याशिवाय अहवाल सादर करणार नाही, असे सांगितले' यात कर्ता आणि क्रियापद यांच्यात अख्खे वाक्य अडकले आहे. 'सर्व तालुक्यांना भेट दिल्याशिवाय अहवाल सादर करणार नाही, असे समितीने सांगितले' असे केले, की कर्ता क्रियापदाजवळ येतो. हाच उपाय इतरत्रही लागू पडतो: शेवटी क्रियापद असलेल्या भाषेत जड भाग आधी आणि हलका भाग क्रियापदाजवळ ठेवला की वाक्य सुसह्य होते. जपानी भाषेतही लांब घटक आधी ठेवण्याचा असाच कल अभ्यासकांना दिसला आहे. इंग्रजीचा कल याच्या विरुद्ध असतो, तिथे जड भाग शेवटाकडे ढकलला जातो.

चौथी पायरी: क्रियापदाआधीची जागा

मराठीत विभक्तिप्रत्ययांमुळे शब्दांचा क्रम बराच बदलता येतो, पण तो बदल निरर्थक नसतो. क्रियापदाच्या लगेच आधीच्या जागेवर वाचकाला नवी असलेली गोष्ट येते, म्हणूनच 'पाणी कोण आणणार?' असा प्रश्न विचारताना 'कोण' तिथे बसते. इंग्रजीत ही जोराची जागा सहसा वाक्याच्या अखेरीस असते. 'द मिनिस्टर अनाउन्स्ड द डिसिजन इन नागपूर' या वाक्यात नागपूर ही नवी माहिती असेल, तर 'मंत्र्यांनी नागपुरात निर्णय जाहीर केला' यापेक्षा 'हा निर्णय मंत्र्यांनी नागपुरात जाहीर केला' हा अनुवाद अचूक ठरतो.

इंग्रजीतील 'अ' आणि 'द' यांचे कामही मराठीत बरेचदा क्रमच करतो. 'खोलीत मांजर आहे' म्हटले की कुठलेसे मांजर असा अर्थ होतो आणि 'मांजर खोलीत आहे' म्हटले की ते ओळखीचे मांजर. म्हणून इंग्रजीत 'द' दिसला, की ते नाम मराठी वाक्यात पुढे आणता येईल का, हे पाहावे. प्रत्येक 'अ'साठी 'एक' लिहिण्याची सवय सुटायलाही याने मदत होते.

पाचवी पायरी: नकार तपासावा

इंग्रजी वाक्यात नकार लवकर येतो, मराठीत 'नाही' बहुधा शेवटी. लांब वाक्यात याचा परिणाम असा, की वाचक सगळे विधान होकारार्थी समजून वाचतो आणि अखेरच्या शब्दाला सगळे उलटवावे लागते. 'दिल्याशिवाय', 'न करता', 'खेरीज' या शब्दांनी नकाराची चाहूल आधी देता येते. आपल्या वाक्यातील 'नॉट... अनटिल' साठी म्हणूनच 'भेट दिल्याशिवाय... सादर करणार नाही' ही रचना 'जोपर्यंत... देत नाही' पेक्षा सोयीची पडते.

नकाराची व्याप्तीही क्रमामुळे धूसर होते. 'नॉट ऑल स्टुडंट्स पास्ड' याचा अनुवाद 'सर्व विद्यार्थी उत्तीर्ण झाले नाहीत' असा केला, तर एकही उत्तीर्ण झाला नाही, असाही अर्थ निघतो. 'सगळेच विद्यार्थी उत्तीर्ण झाले नाहीत' म्हटल्यावर 'च'मुळे अर्थ बराच नेमका होतो. निकालपत्र किंवा करार यांसारख्या ठिकाणी 'काही विद्यार्थी अनुत्तीर्ण झाले' असे सरळ लिहावे.

वाक्य पुन्हा बांधल्यावर

समिती वाचकाला नवी आहे असे धरले, तर अनुवाद असा होतो: 'कापूस उत्पादकांवर दुष्काळाचा काय परिणाम झाला, याचा अभ्यास करण्यासाठी राज्य सरकारने समिती नेमली होती. सर्व बाधित तालुक्यांना भेट दिल्याशिवाय अहवाल सादर करणार नाही, असे या समितीने मंगळवारी पत्रकारांना सांगितले. बाधित तालुक्यांपैकी काहींमध्ये अजून रस्ते नाहीत.'

तिसऱ्या वाक्यात 'त्यांपैकी' न लिहिता 'बाधित तालुक्यांपैकी' असे पुन्हा लिहिले आहे, कारण आधीचे वाक्य पत्रकारांपाशी संपते आणि सर्वनाम त्यांच्याकडे वळण्याची भीती असते. वाक्य तोडल्याचा दुसरा परिणाम अधिक नाजूक आहे. इंग्रजीत रस्त्यांची गोष्ट समिती सांगते आहे की बातमीदार, हे संदिग्ध राहू शकते. मराठीत वेगळे वाक्य केले की ती बातमीदाराच्या तोंडी जाते. ती समितीचीच असल्याचे मूळ मजकुरावरून दिसत असेल, तर शेवटी 'असेही समितीने सांगितले' हे शब्द जोडावेच लागतात.

तयार अनुवादाची परीक्षा घेण्यासाठी प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून शेवटच्या क्रियापदाच्या आधी थांबावे आणि कर्ता कोण, हे मागे न पाहता सांगता येते का ते पाहावे. सांगता आले नाही, तर कर्ता क्रियापदाजवळ आणावा किंवा वाक्य तोडावे. 'लेल्या'च्या पोटात दुसरे 'लेल्या' आले असेल, जसे 'सरकारने नेमलेल्या समितीने सुचवलेल्या योजनेतून वगळलेल्या गावांतील' यात घडते, तर एक तरी कडी वेगळी काढावी.

मराठीतून इंग्रजीत जाताना

मराठी बातमीत '...अशी माहिती जिल्हाधिकाऱ्यांनी दिली' हे मुख्य वाक्य अगदी शेवटी असते. इंग्रजी अनुवाद सहसा तिथून सुरू करावा लागतो, म्हणून याही दिशेने वाक्य अखेरपर्यंत वाचल्याखेरीज लिहू नये. मात्र इंग्रजी बातमीतही वक्त्याचा उल्लेख शेवटी, स्वल्पविरामानंतर करण्याची रीत आहे. मजकूर लहान असेल, तर त्या रीतीने मराठीचा क्रम जसाच्या तसा राखता येतो. 'उठून', 'आवरून', 'डबा घेऊन' अशा माळेसाठी प्रत्येक ठिकाणी 'हॅविंग' वापरल्यास इंग्रजी अवघडते. तिथे पूर्ण क्रियापदे 'अँड'ने जोडावीत, कारण इंग्रजी वाक्याला अनेक पूर्ण क्रियापदे जड होत नाहीत.

मराठीत क्रम बदलून साधलेला जोर इंग्रजीत क्रमाने सहज साधत नाही, कारण तिथे कर्ता आणि कर्म जागेवरूनच ओळखले जातात. 'हे पत्र रमेशने लिहिले' या वाक्यात पत्र ओळखीचे आहे आणि रमेश ही नवी माहिती. 'रमेश रोट दिस लेटर' असा अनुवाद केला, तर घटना तीच राहते, पण जोर पत्रावर सरकतो. 'दिस लेटर वॉज रिटन बाय रमेश' या कर्मणि रचनेत पत्र आधी आणि रमेश शेवटी, हा मूळचा प्रवाह टिकतो. कर्मणि प्रयोग टाळण्याचा सल्ला इंग्रजी लेखनात नेहमी दिला जातो, पण मराठी वाक्यात कर्म पुढे आलेले असेल, तर तो सल्ला बाजूला ठेवून हीच रचना घ्यावी. जोर आणखी ठळक हवा असेल, म्हणजे मराठीत 'रमेशनेच' असे असेल, तर 'इट वॉज रमेश हू रोट दिस लेटर' ही रचना घ्यावी.